मुलाचं गणित चुकलं की वर्कशीट? नोटा-नाण्यांची बेरीज अशी तपासा

पहिली-दुसरीच्या मुलांना नोटा-नाण्यांची चित्रं असलेली वर्कशीट मोबाईलवर येतात. चित्रातले पैसे मोजायचे आणि खाली रक्कम लिहायची. पण कधी कधी छापलेलं उत्तरच चुकीचं असतं. मग बरोबर मोजणाऱ्या पोराच्या वहीत लाल फुली पडते.

एक उदाहरण पाहू. चित्रात २० रुपयांची एक नोट, ५ ची दोन नाणी, २ ची तीन नाणी आणि १ चं एक नाणं आहे. मुलाने ३७ लिहिलं, उत्तरात छापलंय ३१. खरं कोणाचं?

छापील उत्तर झाका आणि एकेक प्रकार वेगळा मोजा. नोटेचे २०, पाचच्या दोन नाण्यांचे १०, दोनच्या तीन नाण्यांचे ६ आणि शेवटचा १. एकूण ३७. म्हणजे मूल बरोबर आहे. खात्री हवी असेल तर घरातली चिल्लर चित्रावर ठेवून मोजा.

मग ३१ कुठून आले? फरक ६ चा आहे. पाचची दोन्ही नाणी दोनची समजून मोजली, तर प्रत्येकी ३ असे ६ कमी होतात. दोनची तिन्ही नाणी मोजायची राहिली, तरीही ६ च कमी होतात. त्यामुळे मुलाचं उत्तर ३१ आलं, तर नुसत्या फरकावरून कारण ठरवू नका. प्रत्येक नाण्यावर बोट ठेवून "हे किती रुपयांचं?" असं विचारा, चूक तिथेच सापडेल.

मुलाने २६ लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. त्याने नोटेचे २० धरले, पण सहा नाण्यांचे सहाच रुपये मोजले. त्याला बेरीज येते, मात्र नाण्याची किंमत अजून कळलेली नाही. पाचच्या एका नाण्यासमोर एकची पाच नाणी मांडून दाखवा.

काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये गोंधळ वाढतो. नवी १० ची नोट चॉकलेटी, २० ची हिरवट-पिवळी, पण झेरॉक्समध्ये दोन्ही राखाडी दिसतात. १० आणि २० ची नाणी दुरंगी असतात. त्यातलं २० चं बाराकोनी, हे कडेवरून ओळखता येतं. आकडा पुसट असेल, तर मुलाला देण्याआधी पेनाने शेजारी लिहा. आकडा वाचताच येत नसेल, तर ते उत्तर चूक धरू नका.

छापील उत्तर चुकलेलं दिसलं, तर ही मोजणी कागदावर लिहून गुरुजींना किंवा बाईंना दाखवा. तेच वर्कशीट वर्गातल्या सगळ्या मुलांकडे गेलेलं असतं.