पंचवीस वर्षांतली बारा वर्षं

आमच्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी अहवालासाठी पंचवीस वर्षांचा जमाखर्च एका एक्सेल शीटमध्ये मांडायचा होता. पहिल्या रकान्यात सुरुवातीची वर्षं होती, १९९८ ते २०२२. शेजारी आर्थिक वर्ष लिहायचं होतं. १ एप्रिल २००७ ते ३१ मार्च २००८ म्हणजे २००७-०८. हाताने टंकायला बसलो आणि तिसऱ्याच ओळीत घोळ झाला. २०००-०१ लिहून एंटर दाबलं, तर समोर `Jan-00`!

एक्सेलला ते वर्ष आणि महिना वाटलं होतं. शेवटचे दोन अंक ०१ ते १२ असले की तो त्यांना महिना समजतो. त्यामुळे २०००-०१ ते २०११-१२ अशी बरोबर बारा वर्षं तारखा बनली. १९९९-०० वाचलं, कारण शून्यावा महिना नसतो. २०१२-१३ पासून पुढेही सगळं सुरळीत, तेरावा महिना फक्त आपल्या म्हणीत असतो. बिघडलेली ओळ ओळखणं सोपं आहे. मजकूर चौकटीत डावीकडे चिकटतो, तारीख उजवीकडे सरकते.

मग म्हटलं, २०१२-१३ लिहून खाली ओढावं. ओढलं, तर २०१२-१४, २०१२-१५ असं काहीतरी आलं. शेवटचा आकडाच तेवढा वाढत गेला.

सरळ रस्ता सूत्राचा. वर्ष `A2` मध्ये असेल तर:

```
=A2&"-"&RIGHT(A2+1,2)
```

आधी वर्षात एक मिळवायचा आणि मग उत्तराचे उजवीकडचे दोन अंक घ्यायचे. २००७ मध्ये एक मिळवला की २००८, त्यातले ०८. सूत्रातून आलेलं उत्तर मजकूरच राहतं, त्याची तारीख होत नाही.

क्रम उलटा केला की फसगत होते, आणि मी आधी तेच केलं होतं:

```
=A2&"-"&(RIGHT(A2,2)+1)
```

इथे ०७ मध्ये एक मिळवताना त्याची संख्या होते, पुढचं शून्य गळतं आणि २००७-8 उरतं. १९९९ ला तर ९९ अधिक एक, म्हणजे १९९९-100. वाईट हे की २००९ पासूनच्या सगळ्या ओळी बरोबर दिसतात. नुसती अलीकडची वर्षं तपासली, तर चूक सापडतच नाही. म्हणून आधी १९९९ आणि २००७ याच दोन ओळी बघाव्यात.

एवढं करून फाइल सीएसव्ही म्हणून खजिनदारांना पाठवली. त्यांनी ती एक्सेलमध्येच उघडली आणि फोन केला, "अहो, हे सप्टेंबर २००८ काय आहे?" सीएसव्हीत फक्त अक्षरं जातात, हा मजकूर आहे ही खूण जात नाही. उघडताना एक्सेल पुन्हा अंदाज बांधतो. दुसऱ्यांदा नेहमीची एक्सेल फाइलच पाठवली.