टिचभर पिन आणि थांबलेला प्रिंटर

आमच्या वर्कशॉपमधला थ्रीडी प्रिंटर स्वस्थ उभा असला की तापमान अगदी बरोबर दाखवायचा. छपाई सुरू होऊन त्याचं डोकं इकडून तिकडे धावायला लागलं, की दहा-वीस मिनिटांत पडद्यावर `MINTEMP` उमटायचं आणि सगळं ठप्प. नोझलचं तापमान मोजणारा थर्मिस्टर जितका थंड तितका त्याचा रेझिस्टन्स जास्त. वायर क्षणभर सुटली तर रेझिस्टन्स अफाट वाढतो, यंत्राला नोझल गार पडल्यासारखं वाटतं आणि ते स्वतःहून थांबतं.

मल्टिमीटर लावून थर्मिस्टरची वायर हलवली. एक लाख ओहमच्या आसपासचा आकडा उड्या मारू लागला. दोष बोर्डाजवळच्या पांढऱ्या जेएसटी एक्सएच कनेक्टरमध्ये होता. पिन काढून भिंगाखाली धरली, तर तांब्याऐवजी वायरचं प्लास्टिकच चिमटीत सापडलेलं.

या पिनेला मागे पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी तांब्याच्या तारा आवळते. मागची, जरा उंच, प्लास्टिकच्या आवरणाला मिठी मारते. हिसके मागच्या जोडीने सोसायचे, वीज पुढचीने न्यायची. म्हणून आवरण साधारण दोन मिलिमीटरच सोलायचं. दोन जोड्यांमधल्या फटीत थोडं तांबं, थोडं प्लास्टिक, दोन्ही दिसलं पाहिजे आणि तारांची टोकं पुढच्या पाकळ्यांतून किंचित डोकावली पाहिजेत. साध्या पकडीने पाकळ्या नुसत्या चपट्या होतात. क्रिम्पिंगची पक्कड त्यांना आत वळवून तारांमध्ये रुतवते. वायरची जाडीही पिनेला जुळावी लागते. बारीक वायर मोठ्या पिनेत कितीही दाबली तरी ढिलीच राहते.

वर सोल्डरचा थेंब टाकायचा मोह होतो. टाकू नये. सोल्डर तारांमधून वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि जिथे तो संपतो तिथेच कंपनाने वायर तुटते.

क्रिम्प झाल्यावर पिन धरून वायर ओढून पाहायची. मग पिनेची छोटी जीभ कनेक्टरच्या खिडकीकडे ठेवून ‘टक’ होईपर्यंत आत सारायची आणि पुन्हा हलकेच ओढायची. जुनी पिन मी कापून टाकली. एकदा दाबलेल्या पाकळ्या उघडून परत वापरण्यात अर्थ नाही.

थर्मिस्टर उलटा लागला तरी चालतो, पंख्याचं तसं नाही. एक्सएचला खाचा असतात, त्यामुळे तो उलटा बसत नाही. पण लाल-काळ्या पिना घरांत अदलाबदल झाल्या, तर खाच काहीच वाचवत नाही. डुपाँट नावाने विकल्या जाणाऱ्या काळ्या कनेक्टरला तर खाचही नसते. त्यासाठी मी दोनऐवजी तीन पिनांचं हेडर लावतो, टोकाची बिनकामाची पिन छाटतो आणि कनेक्टरमधलं तेवढंच भोक गोंदाने बुजवतो. मधली पिन छाटून उपयोग नाही. मग उलटंही तितकंच नीट बसतं.