सुट्ट्या गोळीची चाळीस वर्षं

लालबाग-परळच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा डोकं दुखलं की नाक्यावरून गोळी आणायची, चहाबरोबर गिळायची आणि पाळीला जायचं. त्या काळच्या एपीसी गोळीत ॲस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफीन असे. स्वीडनमधल्या हुस्कवार्ना इथले कारखान्याचे कामगारही फेनासेटिन-कॅफीनची पूड वर्षानुवर्षं घेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांची मूत्रपिंडं निकामी झाली. आपल्याकडे फेनासेटिनवर 1983 साली बंदी आली. कॅफीन मात्र राहिलं.

ते राहण्यालाही कारण आहे. वेदनाशामकाबरोबर सुमारे 100 मिलिग्रॅम कॅफीन पोटात गेलं, तर आणखी काही जणांना चांगला आराम पडतो. फरक थोडा आहे, पण खरा आहे. सॅरिडॉनच्या एका गोळीत 50 मिलिग्रॅम कॅफीन असतं. सप्टेंबर 2018 मध्ये सरकारने 328 मिश्रणांवर बंदी घातली, त्यात हेही मिश्रण होतं; पुढे न्यायालयातून ते सुटलं.

कोडीनची गोष्ट वेगळी. ते अफूवर्गातलं औषध आहे, आणि यकृत त्यातल्या थोड्या भागाचं मॉर्फीन करतं. ब्रिटनमध्ये पॅरासिटामॉल, कॅफीन आणि 8 मिलिग्रॅम कोडीन अशी गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, म्हणून गिरगाव-दादरच्या घरांत ती लंडनच्या नातेवाइकांच्या बॅगेतून येऊ शकते. तिथल्या पाकिटावर मात्र व्यसनाचा इशारा आणि 'फक्त तीन दिवस' असं छापलेलं असतं. ऑस्ट्रेलियाने 2018 पासून चिठ्ठी सक्तीची केली. आपल्याकडे कोडीन 2014 पासून एच-1 यादीत आहे. दुकानदाराने चिठ्ठी पाहून नोंदवहीत लिहायचं असतं. एवढ्या कमी मात्रेतल्या कोडीनचा डोकेदुखीला फारसा जास्त फायदा नाही; सवय मात्र लागते. सवय लागलेला माणूस कोडीनसाठी गोळ्या वाढवत जातो, तेव्हा त्याच गोळ्यांतलं पॅरासिटामॉल यकृत जाळतं.

समजा, परळच्या एका बाईंना महिन्यातून चार दिवस अर्धशिशी होते. गोळीने बरं वाटतं, म्हणून दुखण्याच्या धास्तीनेही त्या गोळी घेऊ लागतात. वर्षभरात महिन्यातले बारा दिवस गोळीचे होतात. आता पहाटे जाग येते तीच ठणक्याने. गोळीने तो थांबतो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. अशी मिश्र गोळी महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. हे ओळखायला भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोळीच्या दिवशी फुली मारणं पुरतं. माझ्या मते यात कात्रीचा दोष मोठा: पट्टीतून दोनच गोळ्या कापून दिल्या की औषधाचं नाव आणि इशारा दुकानातच राहतो, आणि किती घेतल्या याचा हिशेबही लागत नाही.

सोडताना पहिले काही दिवस दुखणं वाढतं. कॅफीन थांबल्यावर बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं आणि आठवडाभरात बहुधा उतरतं. कोडीन रोज चालू असेल तर ते एकदम तोडायचं नाही. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि मूळच्या अर्धशिशीवर वेगळं औषध सुरू करतात.