१०११ची ओळख: मीलीची रीत आणि मूरची रीत

दहा मेगाबिट वेगाच्या इथरनेटच्या तारेवरून माहितीची प्रत्येक फ्रेम निघण्याआधी ६४ बिटांची एक ठरलेली सलामी धावते. तिच्यात आधी १० ही जोडी ३१ वेळा येते आणि शेवटी ११ येतात. त्या शेवटच्या ११नंतरचा पहिला बिट म्हणजे ज्या संगणकासाठी फ्रेम आली आहे त्याच्या पत्त्याची सुरुवात. हा क्षण एका बिटानेही चुकला, तर पुढचे सगळे वाचन बिघडते.

मग ६४ बिट मोजून का घेऊ नयेत? कारण मोजणी कुठून सुरू करायची हेच स्वीकारणाऱ्या बाजूला ठाऊक नसते. तारेवरच्या संकेतातूनच तिला क्लॉकची लय पकडावी लागते, आणि ती पकडेपर्यंत सुरुवातीचे काही बिट हातचे जातात. किती जातील, हे दर वेळी सारखे नसते. म्हणून मोजण्याऐवजी शेवट ओळखावा लागतो. शेवटचे चार बिट १०११ आहेत आणि त्याआधीच्या सलामीत हा क्रम कुठेही येत नाही. तेव्हा बिटांच्या प्रवाहात १०११ दिसताच इशारा देणारे सर्किट बनवणे, हे आपले काम. अशा सर्किटला सीक्वेन्स डिटेक्टर म्हणतात.

हे सर्किट आलेले सगळे बिट साठवत नाही. त्याला एवढेच लक्षात ठेवायचे असते, की आतापर्यंत आलेल्या बिटांच्या शेपटाशी १०११चा आरंभ किती जुळला आहे. या प्रत्येक उत्तराला एक अवस्था द्यायची. काहीच जुळले नसेल तर ‘अ’, १ जुळला असेल तर ‘ब’, १० जुळले तर ‘क’ आणि १०१ जुळले तर ‘ड’. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एक बिट येतो आणि यंत्र एका अवस्थेतून दुसरीत जाते.

हवा तो बिट आला की कुठे जायचे हे सरळ आहे: अ, ब, क, ड असे पुढे. आराखड्याचा कस लागतो तो नको तो बिट आल्यावर. ‘ब’मध्ये पुन्हा १ आला, तर हा नवा १ही आरंभ ठरू शकतो, म्हणून ‘ब’मध्येच राहायचे. ‘क’मध्ये ० आला, तर शेवटी १०० झाले, त्यातले काहीच उपयोगाचे नाही, म्हणून ‘अ’कडे परत. ‘ड’मध्ये ० आला तर? घाईत आराखडा काढणारा इथेही बाण ‘अ’कडे नेतो आणि इथेच फसतो. १०१नंतर ० आला की शेवटचे दोन बिट १० आहेत, म्हणजे अर्धा क्रम अजून हाताशी आहे. बाण ‘क’कडेच जायला हवा.

चुकीच्या बाणाचा परिणाम पाहू. पूर्ण सलामी ऐकू आली, तर हे सदोष यंत्र १०१० या दर चार बिटांनी पुन्हा ‘अ’वर येते. ६४ला चाराने भाग जातो, त्यामुळे शेवटचा १०११ बरोबर जागेवर सापडतो आणि चाचणी पार पडते. आता सुरुवातीचे दोन बिट हरवले असे समजा. चारचार बिटांची चाल दोन बिटांनी सरकते. अखेरच्या १०११मधल्या पहिल्या १वर यंत्र ‘ड’मध्ये पोहोचते, पुढच्या ०वर सगळे विसरून ‘अ’वर जाते, आणि उरलेल्या दोन १वर ‘ब’मध्येच थांबते. फ्रेम दाराशी येऊनही इशारा होत नाही. एक बिट हरवला तरी तेच होते, आणि तीन हरवले तर मात्र सगळे ठीक चालते. काही फ्रेम नीट येतात आणि काही मुळीच येत नाहीत, असे दिसले की हा बाण तपासावा. चाचणी घेतानाही सलामी मुद्दाम एक, दोन, तीन, चार बिट कापून द्यावी.

आता प्रश्न उरतो इशाऱ्याचा. त्याची दोन उत्तरे १९५०च्या दशकात बेल लॅब्समधल्या दोघांच्या निबंधांतून आली. जॉर्ज मीली यांचा निबंध १९५५चा, एडवर्ड मूर यांचा १९५६चा. मीलीच्या रीतीत आउटपुट हे अवस्था आणि त्या क्षणीचे इनपुट या दोघांवर ठरते: ‘ड’ अवस्था असेल आणि तारेवर १ असेल, तर इशारा. चार अवस्था पुरतात आणि त्या दोन फ्लिप-फ्लॉपमध्ये मावतात. मूरच्या रीतीत आउटपुट फक्त अवस्थेवरून ठरते. म्हणून ‘१०११ पूर्ण झाला’ अशी पाचवी अवस्था ‘इ’ लागते, आणि यंत्र ‘इ’मध्ये असेल तेव्हाच इशारा. पाच अवस्थांना तीन फ्लिप-फ्लॉप लागतात.

खरा फरक वेळेचा आहे. मीलीचा इशारा शेवटचा १ तारेवर असतानाच उठतो. मूरचे यंत्र तो १ ठोक्याला आत घेते, मग ‘इ’मध्ये जाते, आणि त्यानंतर इशारा देते. तोवर तारेवर पत्त्याचा पहिला बिट आलेला असतो. या वेगाला एक बिट म्हणजे १०० नॅनोसेकंद, तेवढा हा उशीर.

पण मीलीच्या घाईला किंमत आहे. यंत्र ‘ड’मध्ये शिरते ते नेहमी १ आल्यावर. ठोका पडतो, अवस्था बदलते, आणि तारेवरचा तो जुना १ खाली यायला काही नॅनोसेकंद जास्त लागले, तर तेवढ्यापुरते ‘ड’ आणि १ एकत्र येतात आणि खोटा इशारा चमकून जातो. याला ग्लिच म्हणतात. सलामी चालू असताना दर दुसऱ्या बिटाला यंत्र ‘ड’मध्ये येते, म्हणजे ही संधी पुन्हा पुन्हा मिळते. इशारा फक्त पुढच्या ठोक्याला वाचला जात असेल, तर या चमकेने काहीच बिघडत नाही. पण तोच इशारा दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपच्या क्लॉकला किंवा रीसेटला जोडला असेल, तर सलामी संपण्याआधीच फ्रेम सुरू झाल्याची दवंडी पिटली जाते. मूरच्या यंत्रात इनपुटची थरथर आउटपुटपर्यंत पोहोचत नाही. ‘इ’ला स्वतःचा वेगळा फ्लिप-फ्लॉप दिला, तर इशारा थेट त्यातूनच येतो आणि अगदी स्वच्छ असतो.

इशारा वाचणाऱ्या सर्किटलाही तो कोणत्या रीतीचा आहे हे ठाऊक असावे लागते. मीलीचा इशारा सांगतो, ‘पुढच्या बिटापासून वाच.’ मूरचा सांगतो, ‘तारेवर आत्ता आहे तोच पहिला बिट.’ यात गल्लत झाली, तर प्रत्येक फ्रेम एका बिटाने सरकते आणि शेवटची सीआरसी तपासणी दर वेळी फसते. इथे चुकीचे लक्षण वेगळे दिसते: बाण चुकला तर काही फ्रेम हरवतात, रीत चुकली तर सगळ्याच फ्रेम नापास होतात.

म्हणून निवड अवस्थांची संख्या पाहून करू नये. एका फ्लिप-फ्लॉपची बचत फार मोठी नाही. इशारा त्याच ठोक्याला हवा असेल आणि तो ठोक्यालाच वाचला जाणार असेल, तर मीली घ्यावे. इशारा दूरवर जाणार असेल, किंवा इनपुटच्या स्थिरतेची खात्री नसेल, तर एका बिटाचा उशीर पत्करून मूर घ्यावे.