कॅबिनेट सर्वांत शेवटी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पहिला गेमिंग पीसी जुळवायला आलेल्यांची नजर आधी काचेच्या, रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटवर जाते. खरं तर ते शेवटी निवडावं. आत काय बसणार हे ठरल्याशिवाय त्याचं माप कळतच नाही.

उदाहरणादाखल एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड घेऊ. या प्रोसेसरचं सॉकेट एएम५, म्हणून मदरबोर्ड एएम५चाच हवा आणि रॅमही डीडीआर५च. मित्राने जुना एएम४ बोर्ड फुकट दिला तरी उपयोग नाही. इंटेलच्या बाबतीत तर पिना मोजूनही भागत नाही. २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना आधीच्या पिढीसारख्याच ११५१ जागी टेकणारं सॉकेट होतं, तरी जुन्या बोर्डांवर ते चालत नव्हते. त्यामुळे बोर्डाच्या कंपनीने दिलेली प्रोसेसरांची यादी पाहावी. कोणत्या बायोसपासून प्रोसेसर चालतो, हेही तिथे लिहिलेलं असतं.

आता वीज. प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो, कार्ड २००. बाकीच्यांसाठी ६० धरले तरी बेरीज साडेतीनशेच्या आतच. मग एनव्हिडिया या कार्डासाठी ६५० वॉटचा एसएमपीएस का सुचवते? कारण खेळ रंगात आला की कार्ड काही मिलिसेकंद नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतं. एसएमपीएस कमी पडला, तर इंटरनेट, सिनेमे सगळं सुरळीत चालतं आणि ऐन गेममध्ये मशीन पटकन बंद पडतं. दुसऱ्या एसएमपीएसच्या सुट्या केबल मात्र कधीच वापरू नयेत. टोक बसतं, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि एसएसडी, बोर्ड जळू शकतात.

मग कॅबिनेट. कार्डासाठी ३३० मिलिमीटर जागा असल्याचं माहितीपत्रक सांगतं. पुढच्या बाजूला २७ मिलिमीटरचा रेडिएटर आणि २५ मिलिमीटरचे पंखे लावले की उरतात २७८. तीन पंख्यांची अनेक कार्डं तीनशेच्या वर जातात. उंच टॉवर कूलर घ्यायचा तर त्याची उंचीही ताडून पाहावी. या प्रोसेसरसोबत छोटा कूलर येतोच, त्यामुळे रेडिएटरचा हौसेखेरीज उपयोग नाही.

जोडणी बोर्डाच्या खोक्यावरच सुरू करावी: प्रोसेसर, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत रॅम, एसएसडी, कूलर. ७६००मध्ये स्वतःचं ग्राफिक्स असल्याने एसएमपीएस आणि मॉनिटर लावून तिथेच चाचणी होते. मग वीज काढून बोर्ड कॅबिनेटमध्ये, आणि ग्राफिक्स कार्ड अगदी शेवटी.

पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहिला, तर पॉवरचं बटण दाबू नका. बोर्ड तेव्हा डीडीआर५ रॅमशी जुळवून घेत असतो.