साखर कारखान्याच्या काट्यावरची रांग

गाळप हंगामात साखर कारखान्याच्या गेटवर उभी राहणारी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग ही खरे तर एक रांग नसते. भरलेली गाडी आधी वजनकाट्यासाठी थांबते, मग तळावर गव्हाणीचा नंबर येईपर्यंत थांबते, आणि ऊस खाली झाल्यावर रिकाम्या वजनासाठी पुन्हा थांबते. तिन्ही ठिकाणच्या थांबण्याची कारणे वेगळी असल्यामुळे उपायही वेगळे ठरतात. मिनिटे नेमकी कुठे जातात हे न मोजता नवा काटा बसवला, तर खर्च होतो आणि गाड्या पूर्वीइतक्याच उशिरा बाहेर पडतात.

रांगेचे गणित मांडायला दोन आकडे पुरतात : तासाला किती गाड्या येतात आणि एका गाडीला काट्यावर किती वेळ लागतो. हे गणित टेलिफोनमुळे जन्माला आले. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग यांनी 1909 साली त्यावरचा पहिला निबंध प्रसिद्ध केला. तिथे कॉल अनियमितपणे येत, इथे गाड्या येतात.

उदाहरणादाखल रोज 5000 टन ऊस गाळणारा कारखाना घेऊ. गाडीत सरासरी 20 टन ऊस धरला, तर दिवसाला सुमारे 250 गाड्या लागतात. गाडी आल्या आल्या भरकाट्यावर तोलली जाते आणि मग तळावर जाते. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात तासाला सरासरी साडेतेरा गाड्या येतात. काट्यावर गाडीमागे सरासरी चार मिनिटे लागतात, म्हणजे काटा तासाला पंधरा गाड्या तोलू शकतो. कागदावर पाहिले तर काटा पुरेसा आहे, उलट तासाला सहा मिनिटे तो मोकळाच राहतो.

तरीही रांग लागते, कारण गाड्या ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी चार एकदम येतात, कधी दहा मिनिटे एकही येत नाही. मोकळी गेलेली मिनिटे साठवून पुढच्या गर्दीत वापरता येत नाहीत. येणे आणि तोलणे दोन्ही अनियमित धरणाऱ्या सर्वांत साध्या सूत्रात, येण्याच्या दराला तोलण्याच्या दराने भागून काट्याचा भार काढतात. इथे तो 0.9 येतो. या भाराला दोन दरांच्या फरकाने भागले की काट्यापूर्वीची सरासरी प्रतीक्षा तासांत मिळते : 0.9 भागिले 1.5, म्हणजे 0.6 तास किंवा 36 मिनिटे. तासाला साडेतेरा गाड्या गुणिले 0.6 तास केले, की कोणत्याही क्षणी रांगेत सरासरी आठ गाड्या असतील असेही कळते.

भार वाढतो तशी प्रतीक्षा त्याच प्रमाणात वाढत नाही, ती झपाट्याने वर जाते. तासाला बाराच गाड्या आल्या असत्या तर प्रतीक्षा 16 मिनिटे झाली असती. सव्वाचौदा आल्या असत्या तर ती 76 मिनिटांवर गेली असती. काटा जवळजवळ पूर्ण वेळ चालू ठेवणे चांगल्या व्यवस्थापनाचे लक्षण वाटते, पण रांगेच्या बाबतीत तीच गोष्ट घातक ठरते.

हेच गणित उलट्या दिशेनेही काम करते. त्या चार मिनिटांत प्रत्यक्ष वजनाला थोडाच वेळ लागतो. बाकीचा वेळ चालकाने चिठ्ठी शोधण्यात, शेतकऱ्याचे नाव, गट नंबर आणि टोळीचा कोड नोंदवण्यात आणि चुकलेली नोंद दुरुस्त करण्यात जातो. ही कामे काट्यावर करण्याची गरज नसते. एका कारकुनाने रांगेतच चिठ्ठी तपासून नोंद तयार ठेवली, तर काट्यावर गाडी चढणे, आकडा स्थिर होणे आणि गाडी उतरणे एवढेच उरते. त्यातून फक्त एक मिनिट वाचले तरी काटा तासाला वीस गाड्या तोलतो, भार 0.675 होतो आणि सरासरी प्रतीक्षा 36 मिनिटांवरून जेमतेम सहा मिनिटांवर येते. त्याऐवजी चार मिनिटांचाच दुसरा काटा बसवला असता तर प्रतीक्षा सुमारे एक मिनिट झाली असती. म्हणजे एका कारकुनाच्या पगारात बहुतेक फायदा पदरात पडतो. मात्र हे मिनिट आकडा स्थिर होण्याआधीच वजन घेऊन वाचवता कामा नये. वजनावरच शेतकऱ्याचे पैसे ठरतात.

वेळेतला चढउतार कमी करणेही तितकेच मोलाचे असते. प्रत्येक गाडीला नेमकी चार मिनिटे लागली असती, तर त्याच भाराला प्रतीक्षा निम्मी, म्हणजे 18 मिनिटे झाली असती. चिठ्ठीत गोंधळ असलेली गाडी बाजूला काढून मागच्या गाडीला पुढे घेण्याचा नियम म्हणूनच महत्त्वाचा आहे. अशी एक गाडी पंधरा मिनिटे काट्यावर अडली, की तिच्यामागच्या सगळ्या गाड्यांना ती पंधरा मिनिटे भोगावी लागतात.

संध्याकाळी हे सूत्र लागू पडत नाही. दिवसभर तोडून भरलेल्या गाड्या सहा ते दहा या वेळात एकदम येतात. तासाला 22 गाड्या येऊ लागल्या, की पंधरांची क्षमता असलेल्या काट्यावर दर तासाला सात गाड्या मागे पडतात. तिथे साधी बेरीज-वजाबाकी करावी : चार तासांत 28 गाड्या साचतात आणि दहाला येणारी गाडी 112 मिनिटे थांबते. तीन मिनिटांच्या काट्यावर आठच गाड्या साचल्या असत्या आणि तिची प्रतीक्षा 24 मिनिटे झाली असती.

पण भरकाट्यावर वाचलेला वेळ चालकाच्या पदरात पडेलच असे नाही. गव्हाण तासाला दहा-साडेदहा गाड्याच घेते. तळ भरलेला असेल तर काट्यावरून लवकर सुटलेली गाडी तळावर तेवढाच जास्त वेळ थांबते. रस्ता मोकळा होतो, अपघाताचा धोका कमी होतो, हा फायदा खरा आहे, पण फेरीचा वेळ तोच राहतो. रिकाम्या काट्याचे तसे नसते. त्याच्यापुढे कोणतीच रांग नसल्यामुळे तिथे वाचलेले प्रत्येक मिनिट थेट फेरीतून कमी होते. सुधारणेची सुरुवात तिथून करावी, आणि बहुतेक ठिकाणी तिकडेच दुर्लक्ष होते.

तळावरची रांग काही प्रमाणात हवीच असते. गाळप रात्रभर चालते, तोड मात्र मुख्यतः दिवसा होते. या कारखान्याला रात्री दहा ते सकाळी दहापर्यंत सुमारे 125 गाड्या लागतात आणि त्या वेळात ताशी पाच या दराने 60 गाड्या येतात. म्हणजे रात्री दहाला तळावर साधारण 65 गाड्या असल्या नाहीत, तर पहाटे ऊस संपून गाळप थांबेल. त्याच वेळी तळावर 150 गाड्या दिसल्या, तर वरच्या 85 गाड्यांनी प्रत्येक गाडीच्या प्रतीक्षेत आठ तासांची भर घातलेली असते. तेवढ्या वेळात तोडलेला ऊस वाळतो आणि त्यातली साखर उतरते, उन्हाळ्याच्या तोंडाशी तर अधिकच. हे जादा तास कोणत्याही काट्याने कमी होत नाहीत. त्यासाठी शेतकी विभागाला तोडीचा कार्यक्रमच आवरावा लागतो : आज तळावर शिल्लक किती आहे ते पाहून उद्याच्या टोळ्यांना तोड द्यायची आणि गिरणी बंद पडली तर त्याच तासाला फडावर निरोप पाठवायचा.

यातले काय लागू आहे हे ओळखायला प्रत्येक गाडीच्या चार वेळा पुरतात : गेटवर आल्याची, भरकाट्यावर चढल्याची, गव्हाणीला लागल्याची आणि रिकाम्या काट्यावरून उतरल्याची. बहुतेक काट्यांवर वजनाबरोबर वेळ आपोआप छापली जाते. गेटवरची वेळ मात्र सहसा कुणी लिहीत नाही, त्यामुळे काट्यापूर्वीची प्रतीक्षा नोंदीत दिसतच नाही. आठवडाभराच्या नोंदी तासावार वेगळ्या लावाव्यात. पूर्ण दिवसाची सरासरी काढली तर संध्याकाळची गर्दी पहाटेच्या शांततेत मिसळून नाहीशी होते.