कणसाला चार मिनिटं, दाण्यांना दोन

पावसाळ्यात बाजारातून स्वीटकॉर्नची कणसं आली की बहुतेक घरांत ती कुकरमध्ये जातात आणि तीन शिट्ट्या होतात. ही सवय देशी मक्याची. देशी मक्याचा दाणा पिठूळ आणि टणक, त्याला तेवढं शिजावंच लागतं. स्वीटकॉर्नचा दाणा मात्र कोवळा असतानाच तोडलेला असतो. त्यातली साखर अजून पुरती पिठात बदललेली नसते. तो शिजवायचा नसतो, नीट गरम करायचा असतो.

त्यासाठी मोठ्या पातेल्यात कणसं बुडतील एवढं पाणी खळखळून उकळावं. चार कणसांना साधारण चार लिटर पुरतं. सोललेली कणसं टाकल्यावर उकळी मोडते. ती परत आली की घड्याळ लावावं. ताज्या कणसाला चार मिनिटं पुरेत. तोडून दोन-तीन दिवस झाले असतील, तर सहा-सात. ताजेपणाची परीक्षा सोपी आहे. दाण्यात नख रुतवावं, दुधासारखा रस उडाला तर कणीस ताजं. रस घट्ट, पिठूळ निघाला तर गोडी ओसरली, आणि कितीही उकळलं तरी ती परत येत नाही. म्हणून आणल्या दिवशी शिजवायचं नसेल तर कणीस सोलू नये, तसंच फ्रीजमध्ये ठेवावं. उबेत साखरेचं पीठ झपाट्यानं होतं.

आता मीठ. पाण्यात मीठ घातलं की दाणे निबर होतात, असं घरोघरी सांगतात. चिमूटभर साध्या मिठानं फारसं काही बिघडत नाही. कडकपणा येतो तो मुख्यतः जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे आणि जास्त उकळण्यामुळे. पण कणसाच्या पाण्यातलं मीठ वायाच जातं, कारण दाण्याचं साल अखंड असतं आणि चार मिनिटांत मीठ आत शिरत नाही. कणीस निथळून, गरम असतानाच लिंबाच्या फोडीनं मीठ-तिखट चोळावं. लोणी लावायचं असेल तर आधी लोणी, मग मीठ. ते चिकटून राहतं.

फ्रोझन दाण्यांचं गणित वेगळं. गोठवण्याआधी कारखान्यात त्यांना उकळत्या पाण्याचा किंवा वाफेचा चटका दिलेला असतो, म्हणजे निम्मं काम झालेलं असतं. शिवाय कापलेल्या बाजूनं दाणा उघडा असतो. तिथून मीठ आत जातं, तशी साखरही बाहेर येते. म्हणून पाणी कमी ठेवावं: एका वाटी दाण्यांना दोन वाट्या. पाण्याला उकळी आली की पाव चमचा मीठ घालावं आणि दाणे बर्फासकट टाकावेत. आधी वितळवले तर ते पाणी सोडून मऊ पडतात. पुन्हा उकळी आल्यावर दोन मिनिटांत उतरवून लगेच गाळावेत. गरम पाण्यात ठेवले तर शिजतच राहतात.

काही जण हे दाणे नुसते वितळवून कोशिंबिरीत घालतात. तसं करू नये. 2018 साली युरोपात फ्रोझन मक्यातून लिस्टेरिया हा जीवाणू पसरल्याचं उघड झालं होतं आणि त्यात माणसं दगावली होती. गोठवल्यानं हा जीवाणू मरत नाही, नीट उकळल्यानं मरतो.

नुसतं खायला ताजं कणीसच घ्यावं. सूप, पुलाव, उसळ यांना फ्रोझन दाणे चालतात, आणि हंगाम सरल्यावर बाजारातल्या शिळ्या कणसापेक्षा तेच गोड लागतात.